साहेब 'गेलेत' की 'गेलाय'?

उर्दू शिकवताना आम्ही एक जोडी मुलांकडून घटवून घेतो. समोरचा 'फरमाता है', आपण 'अर्ज' करतो. त्याचे 'दौलतखाना', आपले 'गरीबखाना'. जपानी कार्यालयातही अशा जोड्या आहेत. ग्राहक किंवा साहेब बोलले तर क्रियापद 'ओश्शारु', आपण बोललो तर 'मोसु'. साहेबांच्या असण्याला, येण्याला आणि जाण्याला 'इराश्शारु'. आपल्या असण्याला 'ओरु', येण्याजाण्याला 'माइरु'. पहिले आदराचे रूप, दुसरे नम्रतेचे. इथवर उर्दू जाणणाऱ्याला काही अडत नाही.

अडते ते फोनवर.

समजा, तानाका नावाचे विभागप्रमुख आहेत. विभागप्रमुखाला जपानीत 'काचो' म्हणतात. कार्यालयातली मुलगी सहकाऱ्याला विचारते, "तानाका काचो वा इराश्शाइमासु का?" म्हणजे, तानाकासाहेब आहेत का? इतक्यात दुसऱ्या कंपनीतून त्यांच्यासाठी फोन येतो आणि तीच मुलगी सांगते, "तानाका वा तादाइमा गाइशुत्सु शिते ओरिमासु." तानाका सध्या बाहेर गेला आहे. 'सान' नाही, 'काचो' नाही, नुसते आडनाव, आणि क्रियापद नम्रतेचे! आपल्याकडे कुणी विचारले तर आपण "अब्बा बाहेर गेलेत" असेच म्हणणार. अब्बांना 'गेलाय' म्हणायला जीभ वळणार नाही.

जपानी माणूस हुद्द्याबरोबर आणखी एक रेषा पाहतो: 'उचि' म्हणजे आतले, 'सोतो' म्हणजे बाहेरचे. बाहेरच्याशी बोलताना आपली सारी कंपनी, साहेबांसकट, 'आपण' होते. आणि स्वतःला कोणी आदराने संबोधत नाही. म्हणून निरोप घेतानाही ती "मोशित्सुताएमासु" म्हणते. "ओत्सुताए शिमासु" हेही नम्रच, पण त्यातली नम्रता निरोप ज्याला पोचवायचा त्याच्यापुढे, म्हणजे तानाकांपुढे होते. बाहेरच्यासमोर तो आपल्याच माणसाचा मान ठरतो.

आता फोन तानाकांच्या पत्नीचा आला तर? त्या तर कंपनीच्या बाहेरच्या. पण तानाकांचे आतले माणूस त्याच, फोन घेणारी मुलगी नव्हे. तेव्हा रेषा सरकते आणि साहेबांना पुन्हा 'सान' किंवा 'काचो' लागून 'इराश्शारु' येते.

चूक बहुधा उलट्या बाजूने होते. 'विचारणे' याचे नम्र रूप 'उकागाउ'. ते कानाला इतके गोड लागते की काही कर्मचारी ग्राहकालाच सांगतात, "काउंटरवर उकागात्ते कुदासाइ." म्हणजे ग्राहकाने काउंटरवाल्यापुढे नम्र होऊन विचारावे! हवे असते "ओकिकि कुदासाइ". पाहुण्याला "गरीबखान्यावर कधी परत जाणार?" असे विचारावे, तसलाच हा प्रकार. चूक जपानी माणसाकडूनही होते, म्हणून तिथे नव्या नोकरदारांना हे फोन घेणे मुद्दाम शिकवतात.