पाटल्या मोडल्या की कर, रोखा वटला की नाही?

सोनं विकण्याला आपण मराठीत ‘मोडणं’ म्हणतो. पाटल्या मोडल्या, हार मोडला. त्यातून आलेले पैसे घरचेच, असं बहुतेकांना वाटतं, आणि त्यावर कर लागतो हे कुणाच्या मनातही येत नाही. सराफ कर कापून घेत नाही, त्यामुळे हा समज आणखी घट्ट होतो. दागिना मात्र कायद्याच्या नजरेत भांडवली मालमत्ता आहे. तो विकून झालेल्या नफ्यावर कर द्यावा लागतो, आणि तो स्वतःहून विवरणपत्रात दाखवावा लागतो. सरकारी सुवर्ण रोखे, म्हणजे आपण ज्यांना गोल्ड बाँड म्हणतो, त्यांच्या बाबतीत उलट घडतं. ते करमुक्त असल्याचं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ही करमुक्ती नेमकी कशाला आणि कुणाला, हे फारसं कुणी विचारत नाही. एप्रिल 2026 पासून तर हा प्रश्न विचारणं फारच गरजेचं झालं आहे.

एक उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी गोल धरले आहेत. एका घरातल्या दोघी जावांनी 2018 साली जवळपास सारखेच पैसे सोन्यात घातले. धाकटीने 50 ग्रॅमचा रोखा 3,000 रुपये भावाने घेतला. दीड लाख गेले. थोरलीने 50 ग्रॅमच्या बावीस कॅरटच्या पाटल्या केल्या. बावीस कॅरटचा भाव 2,750 धरला तर सोन्याचे 1,37,500, त्यावर बारा टक्के घडणावळ 16,500, आणि वर तीन टक्के जीएसटी. पावती झाली 1,58,620 रुपयांची.

आठ वर्षांनी चोवीस कॅरटचा भाव 12,000 झाला असं धरू. धाकटीच्या रोख्याची मुदत संपते आणि सहा लाख रुपये बँकेत जमा होतात. नफा साडेचार लाख, त्यावर भांडवली नफ्याचा कर शून्य. थोरली सराफाकडे जाते. बावीस कॅरटचा भाव 11,000, म्हणजे साडेपाच लाख. त्यातून सराफ दोन टक्के घट धरतो आणि हातात 5,39,000 देतो. त्यातून पावतीची पूर्ण रक्कम वजा केली की नफा उरतो 3,80,380. दागिना चोवीस महिन्यांहून जास्त काळ ठेवलेला असल्याने हा दीर्घकालीन नफा ठरतो. त्यावर साडेबारा टक्के कर आणि त्या करावर चार टक्के उपकर, मिळून सुमारे 49,450 रुपये. 23 जुलै 2024 पूर्वी हा दर वीस टक्के होता, पण महागाईच्या निर्देशांकानुसार खरेदीची किंमत वाढवून घेता येत असे. आता ती सवलत गेली आहे. आणि दागिना चोवीस महिन्यांच्या आत मोडला, तर नफा तुमच्या नेहमीच्या उत्पन्नात मिळवून तुमच्या टप्प्याच्या दराने कर लागतो.

या हिशेबात घडणावळीकडे नीट पाहावं असं मला वाटतं. दागिना मोडताना घडणावळीचा एक पैसाही परत मिळत नाही. पण खरेदीची किंमत म्हणून ती नफ्यातून वजा होते, जीएसटीही होतो. अट एकच, पावती हवी. थोरलीने पावती जपली नसती, तर हे एकवीस हजार रुपये तिला सिद्ध करता आले नसते. डब्यातल्या दागिन्याइतकीच त्याची पावती जपून ठेवा, असं मी प्रत्येकाला मनापासून सांगेन.

धाकटीलाही कर अजिबात नाही असं नाही. रोख्यावर मूळ किमतीच्या अडीच टक्के, म्हणजे वर्षाला 3,750 रुपये व्याज सहामाही मिळतं. आठ वर्षांत तीस हजार. हे व्याज पूर्ण करपात्र आहे. त्यावर उगमस्थानी कपात होत नाही, म्हणून ते दाखवायचं पुष्कळांकडून राहून जातं.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. रोख्याची ही सवलत सोन्याला नाही, ‘परतफेडी’ला आहे. रिझर्व्ह बँकेने रोख्याचे पैसे परत केले तर व्यक्तीच्या बाबतीत ते हस्तांतरण धरायचं नाही, अशी ती तरतूद. तोच रोखा शेअर बाजारात दुसऱ्याला विकला तर ती साधी विक्री होते आणि बारा महिन्यांनंतरही साडेबारा टक्के कर लागतो. म्हणून जाणकार माणसं बाजारातून जुने रोखे विकत घेत आणि मुदत संपेपर्यंत ठेवत. त्यांनाही परतफेडीची सवलत मिळत होती.

2026 च्या अर्थसंकल्पाने ही वाट बंद केली. 1 एप्रिल 2026 पासून सवलत फक्त त्या व्यक्तीला, जिने रोखा मूळ विक्रीच्या वेळीच घेतला आणि मुदत पूर्ण होईपर्यंत अखंड स्वतःकडे ठेवला. समजा एकाने 2023 मध्ये बाजारातून 50 ग्रॅमचे रोखे तीन लाखांना घेतले आणि परतफेडीला सहा लाख मिळाले. पूर्वी त्याला कर शून्य होता. आता तीन लाखांच्या नफ्यावर उपकरासह 39,000 रुपये. पाच वर्षांनंतर मुदतीआधी परतफेड घेण्याची सोय आहे, पण ‘मुदत पूर्ण होईपर्यंत’ ही अट तिथेही आडवी येते. सवलतीवर भरवसा ठेवून घेणाऱ्यांवर हा अन्याय झाला, असं माझं मत आहे. ज्यांनी ते रोखे विकत घेतले तेव्हा नियम वेगळा होता. फेब्रुवारी 2024 नंतर सरकारने नवे रोखे विक्रीला काढलेले नाहीत. त्यामुळे आज नव्याने रोखा घेणाऱ्याला बाजाराचाच रस्ता उरतो, आणि त्या रस्त्यावर करमुक्ती नाही.

मग थोरलीच्या बाजूने काहीच नाही का? आहे. तिला दुसरं काही उत्पन्न नसेल तर नव्या कर प्रणालीत पहिल्या चार लाखांपर्यंतची मर्यादा या दीर्घकालीन नफ्यालाही वापरता येते. तिचा नफा 3,80,380, म्हणजे तिला एक रुपयाही कर नाही. हाच दागिना नोकरी करणाऱ्या नवऱ्याचा असता, तर 49,450 भरावे लागले असते. बारा लाखांपर्यंत कर नाही म्हणतात, ती सूट या नफ्याला लागू होत नाही. घर घ्यायचं असेल तर दागिन्यांच्या विक्रीची रक्कम ठरलेल्या मुदतीत घरात गुंतवून करातून सूट मागता येते. त्यात स्वतःच्या नावावर आधीच एकाहून जास्त घरं नसावीत, अशी अट आहे.

सर्वात जास्त गोंधळ वारशाच्या दागिन्यांत होतो. आजीच्या पाटल्या नातीला मिळाल्या तेव्हा कर लागत नाही. नातीने त्या मोडल्या की लागतो, आणि तेव्हा आजीची खरेदीची तारीख व किंमत धरली जाते. 1 एप्रिल 2001 पूर्वीचं सोनं असेल तर त्या दिवसाचा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून घेता येतो. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यमापकाचा दाखला घ्यावा, कारण पन्नास वर्षांपूर्वीची पावती कुणाकडेच नसते.

आणखी एक गोष्ट लग्नसराईत हमखास घडते. जुना हार देऊन नवा घेतला, हातात पैसे आलेच नाहीत, म्हणून विक्री झाली नाही असं लोक धरतात. कायद्यात अदलाबदलही हस्तांतरणच आहे. जुन्या हाराचा जो मोड धरला, ती विक्रीची किंमत. मोड रोखीत घेत असाल, तर दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका, कारण तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. आणि असा नफा झालेल्या वर्षी पगारदाराचं नेहमीचं सोपं विवरणपत्र, ITR-1, चालत नाही, ITR-2 भरावं लागतं.