अंडी ऑन द रॉक्स!

शनिवारी पार्टीसाठी मेरिंग केलं, की चार अंड्यांचं पांढरं वापरलं जातं आणि वाटीत उरतात चार पिवळे बलक. मग काय, रात्री अकरा वाजता जबरदस्तीची भुर्जी! खरं तर अंडी फ्रीझरमध्ये वर्षभर टिकतात. मात्र कवचासकट ठेवायची नाहीत. आतलं पाणी गोठताना फुगतं आणि कवच तडकतं.

पांढऱ्याचे काहीच नखरे नसतात. आइस ट्रेच्या खणात ओता, गोठलं की क्यूब्ज पिशवीत भरा. आख्खं अंडं आधी काट्याने हलकंच एकजीव करा, फेस नको.

खरी गोची होते ती बलकाची. नुसताच गोठवला, तर त्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश एकमेकांना चिकटून त्याचा जेलीसारखा घट्ट गोळा होतो. फ्रीझरबाहेर काढल्यावरही तो पूर्ववत होत नाही. कितीही फेटा, गुठळ्या राहतातच. यावर उपाय मीठ किंवा साखर. आता हेच चार बलक घ्या. साधारण पाव कप भरतील. कस्टर्ड करायचं असेल तर त्यात दीड टीस्पून साखर, तिखट पदार्थासाठी ठेवायचे असतील तर पाव टीस्पूनच्या निम्मं मीठ. नीट ढवळा, हवाबंद डबीत भरा, वर थोडी जागा सोडा. डबीवर तारीख, बलकांची संख्या आणि 'गोड' की 'खारं' हे लिहाच. नाहीतर खारट कस्टर्ड पाहुण्यांपुढे जायचं!

पुढच्या शनिवारी कस्टर्ड हवंय? शुक्रवारी रात्री डबी फ्रीझरमधून खाली फ्रिजमध्ये ठेवा. ओट्यावर ठेवून वितळवायची घाई नको, कारण उबेत जंतू झपाट्याने वाढतात. सकाळी बलक चमच्यावरून सरसर ओघळला, तर काम फत्ते. रेसिपीतल्या साखरेतून दीड टीस्पून वजा करा आणि मंद आचेवर, चमच्याच्या पाठीवर थर बसेपर्यंत शिजवा. वितळलेलं अंडं कच्चं किंवा अर्धकच्चं खायचं नाही, म्हणजे घरच्या मेयोनेजला सुट्टी.

मोजायचं कसं? मोठ्या आकाराच्या एका अंड्यासाठी तीन टेबलस्पून फेटलेलं मिश्रण, एका बलकासाठी एक टेबलस्पून, एका पांढऱ्यासाठी दोन. पांढरं पुन्हा फेटायचं असेल तर फ्रिजमध्ये वितळल्यावर अर्धा तास बाहेर ठेवा, फेस छान चढतो.

आणि हो, लाइट जाऊन डबीतला माल पूर्ण वितळला, तर तो परत गोठवू नका. थंडगार असेल तर त्याच दिवशी शिजवा. कोमट झाला असेल तर वास घेत बसू नका, सरळ टाकून द्या.