एसीचा झोत आणि डोकेदुखी

मे महिन्यात नागपुरात बाहेर ४४ अंश आणि ऑफिसात २० असेल, तर दार उघडताच शरीराला २४ अंशांची उडी घ्यावी लागते. घामाने ओली त्वचा झपाट्याने गार होते, तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. मायग्रेन असणाऱ्यांपैकी काहींना एवढा बदलही पुरतो. इतरांना बहुधा झोत नडतो. तासन्‌तास मानेवर गार वारा आला की स्नायू आखडतात आणि दुखणे मानेतून कपाळाकडे चढते. खुर्ची हलवून दोन-चार दिवस पाहा. दुखणे थांबले तर कारण बहुधा झोतच. मग एसीच्या पट्ट्या छताकडे वळवा, तापमान २६ ठेवा, घाम पुसूनच आत बसा. ताप किंवा उलट्या असतील, तर मात्र एसीला दोष न देता डॉक्टर गाठा.