घुसायचं की कातरायचं?

जपानचे ताकेमिया मासाकी गो खेळायला बसले की त्यांचे काळे दगड बऱ्याचदा एका बाजूच्या तीन तारकाबिंदूंवर रांगेत बसत. कोपरे त्यांनी प्रतिस्पर्ध्याला खुशाल द्यावेत आणि पटाच्या मधोमध अवाढव्य कुंपण घालावं. होनिन्बो हा जपानी किताब त्यांनी सहा वेळा मिळवला. अशा कुंपणाला 'मोयो' म्हणतात. तो अजून प्रदेश नसतो, प्रदेशाचा आराखडा असतो. समोरच्याने काहीच केलं नाही, तर त्याचा प्रदेश होतो.

पांढऱ्यापुढे दोन वाटा असतात. आत घुसून जिवंत राहायचं, किंवा कडेवरून कातरून आराखडा लहान करायचा. नवखा खेळाडू समोरचा मोयो बघून धास्तावतो आणि थेट मध्यभागी उडी मारतो. निर्णय मात्र भीतीने घ्यायचा नसतो, मोजणीने घ्यायचा असतो.

समजा पांढऱ्याचे पक्के ५५ गुण आहेत. दुसऱ्या चालीची भरपाई म्हणून मिळणारे साडेसहा धरले, तर साडेएकसष्ट. काळ्याचे इतरत्र २५ आहेत आणि उजवीकडचा मोयो तसाच बंद झाला तर आणखी ५०. म्हणजे गप्प बसलं तर हार नक्की. आता पांढऱ्याने कडेवरून एक चाल केली, काळ्याने खालून दाबून मोयो ३३ गुणांवर बंद केला, असं मनात खेळून बघायचं. काळ्याचे ५८ होतात. पांढरा साडेतीनने पुढे. मग आत मरायला कशाला जायचं? मात्र पांढऱ्याचे मूळचे ४० च असते, तर ही कातरणी झाल्यावरही तो साडेअकराने मागे राहिला असता. तिथे घुसण्यावाचून गत्यंतर नाही.

कातरताना किती खोल जायचं? मोयोच्या दोन टोकांचे दगड जोडणारी रेषा मनात ओढावी. दगड त्या रेषेच्या आसपास असावा. काळ्या दगडाच्या डोक्यावर एक घर सोडून ठेवलेल्या दगडाला जपानीत 'बोशी', म्हणजे टोपी, म्हणतात. रेषेच्या फार आत गेलं की दगड परतीच्या वाटेवरून तुटतो. फार बाहेर राहिलं तर काळा निवांतपणे कुंपण बंद करतो, आणि त्याच्या त्या निवांतपणावरूनच चूक कळते.

घुसण्याचं गणित वेगळं. आत दोन डोळ्यांची जागा हवी, निदान कुंपणाची एक कड उघडी हवी. कोपऱ्यातल्या एकट्या तारकादगडाखाली, दोन्ही कडांपासून तिसऱ्या रेषेवर घुसून सहसा जगता येतं. दगडाच्या दोन्ही बाजूंना राखण असेल तर ते अवघड होतं. आणि नुसतं जगूनही भागत नाही. काळा पाठलाग करता करता बाहेर भिंत उभी करतो आणि तिच्या जोरावर दुसरीकडे प्रदेश कमावतो. गट वाचला, डाव गेला, असं वरचेवर घडतं.

या कलेत चो चिकुन यांचा हातखंडा होता. आधी कोपरे आणि कडा घेऊन ते पक्के गुण साठवत, मग प्रतिस्पर्ध्याच्या मोयोत शिरून चिवटपणे जगत. १९८९ साली त्यांनी होनिन्बो किताब ताकेमियांकडून घेतला आणि पुढे सलग दहा वर्षं तो सोडला नाही.