न गाणाऱ्यांची मैफल

पेण-रोह्याच्या मित्रमंडळींनी कराओकेसाठी एखादे कोळीगीत निवडावे. शांता शेळके यांनी लिहिलेले, हृदयनाथ मंगेशकर यांनी संगीतबद्ध केलेले ‘मी डोलकर’ घ्या. त्याचे ध्रुपद छोटे असून डुलत्या ठेक्यावर पुनःपुन्हा येते. त्यामुळे एखाद्याचा स्वर ढळला तरी तो समूहात लपतो.

अडचण येते ती पट्टीची. मूळ गीत लता मंगेशकर व हेमंतकुमार यांच्या आवाजांत आहे. ती उंची आणि तो खर्ज प्रत्येकाला कोठून साधणार? म्हणून आधी वाद्यसंगीत लावून सर्वांनी केवळ ध्रुपद म्हणून पाहावे. गळा ताणला जाऊन आवाज ओरडल्यासारखा निघाला, तर पट्टी एकेक अर्धस्वर खाली आणावी. लय मात्र तशीच ठेवावी. कडव्यांतील खालचे स्वर ऐकू येईनासे झाले, की पट्टी फार उतरली असे समजून एक पायरी वर यावे.

कडवी ठेक्यात नेमकी उचलणाऱ्या एकाकडे सोपवावीत, ध्रुपद सर्वांनी म्हणावे. त्या वेळी ध्वनिक्षेपक हातभर दूर धरावा. म्हणजे कोणा एकाचाच आवाज पुढे येत नाही.