चहा, समारंभातील

चहा, समारंभातील : लग्न, मुंज, साखरपुडा, कार्यालयीन सभा अशा प्रसंगी एकाच वेळी पुष्कळ माणसांसाठी केला जाणारा दुधाचा उकळलेला चहा. त्याच्या नियोजनात एकूण किती चहा लागेल, एका आधणात किती करावयाचा, तो कोणत्या आकाराच्या चहापात्रात भरावयाचा आणि किती वेळ ठेवावयाचा, हे चार प्रश्न येतात. पाहुण्यांच्या संख्येवरून यांपैकी फक्त पहिल्याचे उत्तर मिळते. उरलेल्या तिहींची उत्तरे पाहुणे किती वेळात चहा घेतात यावर अवलंबून असतात.

पुणे शहरात याच्या दोन पद्धती शेजारी शेजारी आढळतात. ‘अमृततुल्य’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुकानांत पातेल्यात थोडा थोडा चहा दिवसभर नव्याने केला जातो व गाळून लगेच दिला जातो. मंगल कार्यालयांतील आचारी मोठ्या पातेल्यात एकदम चहा करून तो तोटी असलेल्या उष्णतारोधक चहापात्रात भरून ठेवतात. पहिल्या पद्धतीत चव टिकते, तर दुसरीत मनुष्यबळ वाचते. समारंभाचे नियोजन म्हणजे या दोहोंमधील योग्य जागा शोधणे होय.

प्रमाण : समारंभातील कप साधारणपणे १०० मिलि. चा धरतात. अशा १०० कपांसाठी, म्हणजे १० लि. तयार चहासाठी, ६ लि. पाणी, ५ लि. दूध, सु. २५० ग्रॅ. दाणेदार चहापूड आणि ७०० ते ८०० ग्रॅ. साखर घेतात. पाणी व दूध मिळून ११ लि. होत असले, तरी भिजलेली चहापूड जवळजवळ १ लि. द्रव स्वतःत धरून ठेवते आणि सु. अर्धा लिटर वाफेने जातो. साखरेमुळे जवळजवळ तेवढीच भर पडते, म्हणून गाळल्यावर १० लि. चहा हाती येतो. म्हशीचे घट्ट दूध असल्यास दूध थोडे कमी करून तितके पाणी वाढवितात.

घरगुती प्रमाणाला पाहुण्यांच्या संख्येने गुणल्यास चहा पातळ होतो. दोन कपांच्या लहान पातेल्यातून उकळताना पाण्याचा बराच मोठा भाग वाफ होऊन जातो. मोठ्या पातेल्यात द्रवाच्या मानाने पृष्ठभाग लहान असल्याने हा घटाव थोडाच असतो. घरच्या अंदाजाने जादा घातलेले पाणी तेथे तसेच राहते. म्हणून मोठ्या आधणाचे प्रमाण तयार चहाच्या मापावरून काढावे लागते.

कृती : प्रथम पाण्यात ठेचलेले आले घालून ते चांगले उकळतात. कच्च्या आल्यात प्रथिनांचे विघटन करणारे एंझाइम असते. कोमट दुधात कच्चे आले पडल्यास त्यामुळे दूध फाटू शकते. पाण्यात उकळल्यावर हे एंझाइम निष्क्रिय होते. पुणे समुद्रसपाटीपासून सु. ५६० मी. उंचीवर असल्याने तेथे पाणी सु. ९८° से. ला उकळते. या फरकाने चहाच्या कृतीत विशेष बदल करावा लागत नाही. नंतर साखर व चहापूड घालून चार-पाच मिनिटे उकळतात, वेगळे तापविलेले दूध त्यात ओततात आणि एक-दोन उकळ्या आल्या की उतरवितात. दूध उतू जात असल्याने पातेले दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरत नाहीत. म्हणजे १० लि. चहासाठी सु. १६ ते १७ लि. चे पातेले लागते. गुळाचा चहा असल्यास गूळ भांडे उतरविल्यावर शेवटी घालतात, कारण त्यातील आम्लतेमुळे उकळते दूध नासण्याचा संभव असतो.

चहा फडक्यातून पूर्णपणे गाळूनच चहापात्रात भरतात. चोथा आत राहिल्यास त्यातील तुरट द्रव्ये उतरत राहतात आणि शेवटचे कप कडू होतात.

साठवण : गाळलेला चहाही बदलत राहतो. उष्ण अवस्थेत त्यातील पॉलिफेनॉल द्रव्यांचे ऑक्सिडीभवन चालू राहून रंग काळपट होतो, सुगंध उडून जातो आणि दुधाला करपट वास येऊ लागतो. चांगल्या चवीसाठी अर्धा ते पाऊण तास ही मर्यादा मानावी. तासाभरानंतर तो पिण्याजोगा असला, तरी फरक सहज ओळखू येतो. तांबूस रंग जाऊन आलेली राखाडी छटा, पृष्ठभागावरील जाड साय आणि जिभेवर रेंगाळणारा तुरटपणा ही शिळेपणाची लक्षणे होत. आंबूस वास किंवा दुधाचे कण दिसल्यास तो चहा टाकून द्यावा.

आरोग्याचा प्रश्न तापमानाशी निगडित आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार शिजविलेले पदार्थ वाढण्यापूर्वी ६०° से. पेक्षा अधिक तापमानास ठेवावेत आणि सामान्य तापमानास दोन तासांपेक्षा अधिक वेळ राहू देऊ नयेत. निवालेला चहा ताज्या आधणात मिसळण्याची प्रथा त्यामुळे सदोष ठरते. तिने ताज्या चहाची चवही बिघडते.

चहापात्राचा आकार : तोटी तळापासून थोडी वर असल्याने शेवटचा काही चहा निघत नाही व वरही थोडी जागा सोडावी लागते. म्हणून १० लि. चहासाठी १२ लि. चे पात्र घेतात. पात्र प्रथम उकळत्या पाण्याने विसळतात. अन्यथा थंड पोलादी भांडे भरताच चहा तीन-चार अंशांनी निवतो. अर्धे भरलेले पात्र पूर्ण भरलेल्यापेक्षा लवकर निवते. त्यामुळे गरजेपेक्षा मोठे पात्र घेणे हिताचे नसते.

उदाहरणादाखल, मंगल कार्यालयात सकाळच्या न्याहारीला १५० माणसे आठ ते दहा या वेळात येणार आहेत असे समजू. त्यांपैकी ३० जण कॉफी किंवा दूध घेतील असे धरल्यास १२० जण चहा पिणारे उरतात. त्यांतील एक-तृतीयांश जण दुसरा कप घेतील, म्हणजे १६० कप किंवा १६ लि. चहा लागेल. एक-दशांश राखीव धरून हा आकडा साडेसतरा लिटरांवर जातो. तो एकदम केल्यास शेवटचा पाहुणा दोन तासांपूर्वीचा चहा पिईल. म्हणून दर अर्ध्या तासाला एक, अशी चार आधणे ठेवतात : पहिले साडेतीन, दुसरे पाच, गर्दीच्या वेळचे तिसरे सहा व शेवटचे तीन लिटरांचे. यासाठी ८ लि. चे एकच चहापात्र पुरते. शेवटच्या आधणाचे माप तोपर्यंतचा खप पाहून कमी करता येते आणि नासाडी टळते.

तीच १५० माणसे एखाद्या कार्यालयाच्या सभेत पंधरा मिनिटांच्या मध्यंतरात चहा घेणार असतील, तर हिशेब पालटतो. दुसरा कप घेण्यास वेळ नसतो. १५ जण अन्य पेये घेतील असे मानल्यास १३५ कप व राखीव मिळून सु. १५ लि. चहा पुरतो, परंतु तो सर्व एकाच वेळी तयार लागतो. येथे अडचण तोटीची असते. कप धरणे, भरणे व देणे यांस सात-आठ सेकंद धरल्यास एका तोटीतून मिनिटाला आठच कप निघतात आणि १३५ कपांना सु. १७ मिनिटे लागतात, म्हणजे मध्यंतर संपून जाते. म्हणून २० लि. च्या एका पात्राऐवजी १० लि. ची दोन पात्रे वेगवेगळ्या मेजांवर ठेवतात. सभा लांबण्याचा संभव असल्यास आले, साखर व चहापूड यांचा गाळलेला अर्क आणि तापविलेले दूध वेगळे ठेवून मध्यंतराच्या दहा मिनिटे आधी एकत्र उकळतात. दुधाविना अर्क अधिक वेळ टिकतो. तरीही तो तासाभरापेक्षा जास्त ठेवल्यास काळवंडतो.