ग्रुप असताना कागदावर सूचना का?

'सर्व सभासदांना कळविण्यात येते की, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनचे खाते काल रात्री ९ च्या सुमारास परक्या व्यक्तीने ताब्यात घेतले आहे. त्यानंतर ग्रुपवर आलेला कोणताही संदेश सोसायटीचा समजू नये. मेंटेनन्ससाठी नवा क्यूआर कोड आला असल्यास त्यावर पैसे भरू नयेत. आपल्या मोबाईलवर आलेला कोड कोणालाही सांगू नये. – सेक्रेटरी'

अशी सूचना लिफ्टशेजारी चिकटवलेली दिसली, की कोणीतरी विचारतंच, ग्रुप असताना कागद कशाला? पण या वेळी ग्रुपच परक्याच्या हातात असतो. ॲडमिनला 'फक्त ॲडमिनच संदेश पाठवू शकतील' अशी सेटिंग लावता येते, दुसऱ्याचा संदेश पुसता येतो, इतर सभासदांना ग्रुपमधून काढता येतं. म्हणजे 'हा माणूस खोटा आहे' असं लिहू पाहणाऱ्याचं तोंड आधीच बंद झालेलं असतं. साध्या सभासदाचं खाते गेलं तर निदान बाकीच्यांना ओरडून सांगता येतं, ॲडमिनचं गेलं की तेही जमत नाही.

हे घडतं कसं? समजा, चौथ्या मजल्यावरच्या काकांच्या नावाने ॲडमिनला संदेश येतो, 'चुकून तुमच्या नंबरवर एक कोड गेलाय, जरा पाठवता का?' प्रत्यक्षात काकांचं खाते आधीच गेलेलं असतं. भामट्याने स्वतःच्या फोनवर व्हॉट्सॲप उघडून ॲडमिनचा नंबर टाकलेला असतो. तो नंबर आपलाच आहे हे पडताळायला कंपनी त्या नंबरवर एसएमएसने सहा आकडी कोड पाठवते. ओळखीच्या माणसाने मागितला म्हणून ॲडमिन तो देतात आणि क्षणात त्यांच्या फोनवरचं व्हॉट्सॲप बंद होऊन भामट्याकडे सुरू होतं.

जुने संदेश त्याच्या हाती लागत नाहीत, कारण ते ॲडमिनच्या फोनमध्येच राहतात. पण खाते ज्या ज्या ग्रुपमध्ये आहे, ते ग्रुप, तिथल्या सगळ्यांचे नंबर आणि ॲडमिनचे अधिकार त्याला मिळतात. मग 'सोसायटीचं बँक खातं बदललंय, या महिन्याचा मेंटेनन्स या क्यूआरवर भरा' असा संदेश पडतो. काहींना वेगळं गाठून 'हॉस्पिटलमध्ये आहे, तातडीने पैसे पाठवा' असं सांगितलं जातं, तर काहींकडे पुन्हा तोच सहा आकडी कोड मागितला जातो. एका फ्लॅटमधून दुसऱ्यात हा प्रकार पसरतो तो असा.

खाते परत मिळवायचा मार्ग मात्र साधा आहे. ॲडमिनने स्वतःच्या फोनवर व्हॉट्सॲप उघडून आपला नंबर टाकायचा आणि एसएमएसने आलेला नवा कोड भरायचा. तो भरताच भामटा बाहेर फेकला जातो. अडचण येते ती त्याने मधल्या वेळात स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर. तो पिन माहीत नसेल, तर ॲडमिनला खाते वापरायला ७ दिवस थांबावं लागतं. पण त्या काळात भामट्यालाही ते वापरता येत नाही. म्हणून पिन अडला तरी एसएमएसचा कोड भरण्यात दिरंगाई करू नये.

कधीकधी आपला फोन नेहमीसारखा चालू असतो, तरी आपल्या नावाने संदेश जात राहतात. तेव्हा 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून पाहावं. ओळखीचा नसलेला संगणक किंवा ब्राउझर तिथे दिसला तर त्याला लॉग आउट करावं.

सभासदांसाठी खरी कसोटी पैसे भरताना असते. क्यूआर स्कॅन केल्यावर यूपीआय ॲप पैसे घेणाऱ्याचं नाव दाखवतं. तिथे सोसायटीऐवजी भलत्याच व्यक्तीचं नाव असेल, तर पिन टाकू नये. खातं बदलल्याचा निरोप आला, तर खजिनदारांना फोन करून किंवा समक्ष भेटून विचारावं. त्याच ग्रुपवर विचारून उपयोग नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करावा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी तक्रार पोहोचली, तर ती गोठवता येण्याची शक्यता असते.

सोसायट्यांनी दोन गोष्टी आजच कराव्यात. ग्रुपला दोन-तीन ॲडमिन ठेवावेत, म्हणजे एकाचं खाते गेल्याचं कळताच, ग्रुप त्यानेच सुरू केलेला नसेल तर, दुसरा त्याला लगेच ग्रुपमधून काढू शकेल. आणि प्रत्येक ॲडमिनने सेटिंग्जमधल्या 'अकाउंट'मध्ये जाऊन 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा सहा आकडी पिन लावावा. तो असला की नुसता एसएमएसचा कोड मिळवून भामट्याचं भागत नाही. मात्र कोणी गोड बोलून तो पिनही मागितला, तर देऊ नका, मागणारा शेजारी असला तरी.